फोटोत नसलेले बाबा : पदवीच्या फोटोखाली काय लिहावं?

पदवीप्रदान समारंभ संपतो, गाऊन परत करायची वेळ येते आणि त्याआधी घाईघाईत एक फोटो काढला जातो. फोटो चांगला येतो. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण त्याच्याखाली काय लिहायचं ते सुचत नाही. घरातली पहिली पदवी असेल तर ही अडचण आणखी मोठी होते. मनात वीस वर्षांचं साठलेलं असतं आणि हाताला येतात ती मात्र शुभेच्छापत्रावरची वाक्यं.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि त्यातही ज्यांच्या घरचं एक माणूस अमिरातीत आहे त्यांच्यासाठी. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून १९७० च्या दशकापासून माणसं आखातात कामाला जात आहेत. त्यातले बहुतेक एकटेच राहतात, आणि त्यामागे सरळ हिशेब आहे. अमिरातीत बायकामुलांना व्हिसावर आणायचं तर दरमहा किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. बांधकामावरच्या साध्या कामगाराचा पगार सहसा तिथवर पोचत नाही. म्हणून मुलगी इकडे शिकते, बाबा तिकडे कमावतात, आणि पदवीच्या फोटोत आई असते, बाबा नसतात.

वर्तमानपत्रात फोटोखालच्या मजकुराला फोटोओळ म्हणतात. तिचा पहिला नियम असा की फोटोत जे दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही, जे दिसत नाही ते सांगायचं. गाऊन दिसतो, टोपी दिसते, आईच्या डोळ्यांतलं पाणीही दिसतं. बाबा दिसत नाहीत. म्हणजे लिहायचं काय, ते इथेच ठरतं.

लिहिण्याआधी तीन प्रश्न

कृतज्ञतेची वाक्यं गुळगुळीत होतात, कारण ती लिहिणाऱ्याच्या मनातल्या भावनेतून सुरू होतात. सुरुवात घरातल्या एखाद्या वस्तूपासून किंवा प्रसंगापासून करा. तो सापडण्यासाठी आईला समोर बसवून आणि बाबांना फोनवर तीन प्रश्न विचारा. माझी कॉलेजची पहिली फी नेमकी कुठून आली? मी शिकावं म्हणून घरातलं कोणतं काम किंवा कोणाचं शिक्षण थांबलं? आणि आता हे पुढे जमणार नाही, असं तुम्हाला कधी वाटलं होतं?

उत्तरं लगेच मिळत नाहीत. आई म्हणते, "कुठून आली म्हणजे? बाबांनी पाठवली." तिथे थांबू नका. कशी पाठवली, आल्यावर कुठे ठेवली, कमी पडली तेव्हा काय केलं, हे विचारत राहा. चौथ्या-पाचव्या उत्तरात असं काहीतरी येतं जे तुम्हालाही माहीत नसतं. तीच तुमची ओळ.

उदाहरणापुरतं एक घर डोळ्यासमोर धरू. खेड तालुक्यातलं गाव. वडील दुबईत शटरिंग कार्पेंटर, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी जो लाकडी-लोखंडी साचा उभारतात त्याचे कारागीर. शाळा सातवीत सुटलेली. २००४ साली गेले तेव्हा मुलगी वर्षाची होती. कंपनी दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी देते. मुलगी आता बी.कॉम. झाली आहे. फोटोत ती आणि आई आहे. तिने पहिल्यांदा लिहिलं ते असं :

"आज माझं स्वप्न पूर्ण झालं. आई-बाबा, तुमच्या अपार कष्टांमुळे आणि आशीर्वादामुळे मी इथवर पोहोचले. तुमचे ऋण मी कधीच फेडू शकणार नाही. थँक्यू फॉर एव्हरीथिंग."

यात खोटं काही नाही. तरी बाबांनी ते वाचलं तर त्यांना आपलं घर त्यात कुठेच सापडणार नाही. हा मजकूर शेजारच्या घरातल्या फोटोखाली तसाच्या तसा चालेल, आणि हीच त्याची चाचणी आहे : नाव बदलून दुसऱ्याला वापरता येत असेल तर तो अजून आपला झालेला नाही.

मग तिने तीन प्रश्न विचारले. आईकडून कळलं की फीचे पैसे निडोच्या रिकाम्या डब्यात साठायचे. बाबा सुट्टीवर येताना दुधाच्या पावडरचे डबे आणायचे, पावडर संपली की डबा घरात राहायचा. परीक्षेच्या रात्री आई झोपायची नाही, पण "मी जागते" असंही म्हणायची नाही, ती समोर बसून तांदूळ निवडायची. आणि मुलीला स्वतःलाच एक गोष्ट आठवली. बाबा सुट्टीवर आले की तिची कॉलेजची पुस्तकं हातात घ्यायचे. इंग्रजी मजकूर त्यांना वाचता यायचा नाही. ते पानं उलटायचे, बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, "कागद चांगला आहे."

हे वाक्य हाती आलं आणि फोटोओळ जवळजवळ तयार झाली.

'तू' कुणाला, 'तुम्ही' कुणाला

मराठीत लिहिताना इथे एक गाठ पडते. अनेक घरांत आईला 'तू' म्हणतात आणि बाबांना 'तुम्ही'. "आई-बाबा, तुम्ही" असं एकत्र लिहिलं की व्याकरण जुळतं, पण आईला ते परकं वाटतं. जन्मात तिला कुणी "तुम्ही केलंत" म्हटलेलं नसतं. उपाय सोपा आहे. दोघांना एका वाक्यात बांधू नका. बाबांसाठी एक वाक्य 'तुम्ही'त लिहा, आईसाठी दुसरं 'तू'त. वाक्यं वेगळी झाली की त्यांचे कष्टही वेगळे दिसतात, आणि ते वेगळेच असतात. एकाने पैसे पाठवले, एकीने घर चालवलं.

घरात बाबांनाही 'तू' म्हणत असाल तर फोटोखाली आदर म्हणून 'तुम्ही' करू नका. अण्णा, आप्पा, पप्पा, अब्बा, जी हाक रोजची तीच लिहा. घरात मालवणी किंवा आणखी कुठली बोली बोलत असाल तर निदान एक वाक्य त्या बोलीत राहू द्या. बाबांचं वाक्य उद्धृत करताना तर ते बोलले तसंच लिहा, शुद्ध करू नका.

आभाराच्या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे आईवडिलांना "आभारी आहे" म्हणायची रीत नाही. कोणी म्हटलं तर "आम्ही काय परके आहोत?" असं ऐकून घ्यावं लागतं. 'धन्यवाद' किंवा 'ऋण' लिहायचा मोह झाला तर त्याऐवजी त्यांनी केलेलं एक काम क्रियापदासकट लिहा. "तू डब्यात साठवलीस", "तुम्ही पाठवलेत". काम सांगितलं की आभार त्यातच येतात.

काय उघड करायचं, ते त्यांना विचारा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि ती प्रेमापोटी होते. आपल्याला वाटतं, बाबांचे कष्ट जगाला कळू देत. पण बाबांनी गावात काय सांगितलं आहे, हे आपल्याला माहीत असतंच असं नाही. आखातात गेलेली कित्येक माणसं गावाकडे आपलं काम, खोली, जेवण यांबद्दल फारसं बोलत नाहीत. लोकांना ते 'कंपनीत आहेत' एवढंच माहीत असतं. मुलीने अभिमानाने "माझे बाबा लेबर कॅम्पमध्ये राहतात" असं लिहिलं, तर तिला मिळालेली प्रत्येक शाबासकी बाबांसाठी सोयऱ्यांसमोरचा एकेक अवघड क्षण ठरू शकते.

पासपोर्टवरच्या शिक्क्याची गोष्टही अशीच. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर सहसा 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो. आखाती घरांत त्याला ईसीआर म्हणतात. असा पासपोर्ट असलेल्याला अमिरातीसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण माणसाला ती लागत नाही. "बाबांच्या पासपोर्टवर ईसीआर, माझ्या हातात पदवी" ही ओळ कुणालाही सुचेल आणि ती खरीही आहे. पण त्यात बाबांचं कमी शिक्षण चारचौघांत मांडलं जातं. त्यांची परवानगी मिळाली तरच ती लिहा, आणि मिळाली तरी पासपोर्टचा फोटो कधीही टाकू नका. पदवी प्रमाणपत्राचा फोटो टाकत असाल तर त्यावरचा क्रमांक आणि आसनक्रमांक झाका.

'अडाणी' हा शब्द पूर्णपणे टाळा. "माझ्या अडाणी आईने मला शिकवलं" असं मुलं कौतुकाने लिहितात, पण आईच्या वाट्याला त्यातला 'अडाणी' तेवढा येतो. तिने काय केलं ते सांगा, तिला काय येत नव्हतं ते सांगू नका.

ठिकाणाच्या नावाबद्दल एक बारीक गोष्ट. दुबईतल्या मुहैस्ना भागातल्या कामगार वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. पण मुंबईत, विशेषतः गिरगावकडच्या जुन्या माणसांच्या कानाला सोनापूर म्हणजे स्मशान. "बाबा सोनापूरला आहेत" एवढंच लिहिलंत तर कुणाच्या तरी काळजाचा ठोका चुकेल. दुबईचं नाव जोडा, किंवा नुसतं 'दुबईत' म्हणा.

आणि 'पहिली' हा शब्द लिहिण्याआधी तपासा. आईवडिलांपैकी कुणी पदवीधर नसेल तर तुम्ही पहिल्या पिढीतले पदवीधर आहात, पण म्हणून 'घराण्यात पहिले' असालच असं नाही. चुलत्याचा मुलगा आधी पदवीधर झाला असेल तर "आमच्या घराण्यातली पहिली" या शब्दांनी काकूचं मन दुखावेल. "आई-बाबांच्या घरातली पहिली" लिहिलं की ते खरंही राहतं आणि पुरेसंही. मोठ्या बहिणीने बारावीनंतर शिक्षण सोडलं असेल तर तिचं नाव या ओळींत यायलाच हवं.

फोटो अमिरातीत काढला असेल तर

काहींचे आईवडील दोघेही तिकडे असतात आणि पदवी दुबईच्या अॅकॅडमिक सिटीतल्या एखाद्या विद्यापीठाची असते. मग फोटोत बाबा असतातच. तिथे न दिसणारी गोष्ट शोधायची ती त्या दिवसातली : बाबांनी सुट्टी कशी मागितली, शर्टाला इस्त्री कुणी केली, सभागृहात दोघं कोणत्या रांगेत बसले.

अमिरातीत फोटो टाकताना कायदाही लक्षात ठेवा. २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर गुन्हेविषयक कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४४ नुसार संमतीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा खाजगीपणाचा भंग ठरू शकतो. शिक्षा किमान सहा महिने कैद आणि दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक. म्हणून मागे उभे असलेले अनोळखी विद्यार्थी कापून टाका, आणि बाबांच्या खोलीतल्या सोबत्यांबरोबरचा फोटो असेल तर त्या प्रत्येकाला विचारा. तिथे कुणाची ऑनलाइन बदनामी करणं हाही गुन्हा आहे. बाबांचा पगार थकला होता हे घरातलं खरं असलं, तरी फोटोओळीत कंपनीचं नाव येऊ देऊ नका. कामाच्या कपड्यांवरचं बोधचिन्ह आणि गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा झाका. नोकरी त्यांची आहे, तिला आपल्या फोटोने धक्का लागू नये.

पहिल्या दोन वाक्यांचं महत्त्व

इन्स्टाग्रामवर फोटोओळीला २,२०० अक्षरचिन्हांची मुभा आहे, पण 'मोर' दाबण्याआधी साधारण सव्वाशेच दिसतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून 'बाबा' हा दोन अक्षरी शब्द चार चिन्हांचा होतो. हिशेब केला तर मराठीत सतराअठरा शब्दच वर दिसतात. ते "आज मला सांगायला अत्यंत आनंद होतोय की" यात खर्च करू नका. फोटोत न दिसणारी गोष्ट पहिल्याच वाक्यात आणा.

लिपी बाबांना वाचता येईल ती वापरा. त्यांना वाचायला अवघड जात असेल तर तुमच्या आवाजात वाचून पाठवा. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून फोन सहसा लागत नाही, म्हणूनच घरोघरी बोटिम असतं, पण व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर, फोटो आणि रेकॉर्ड केलेला आवाज पोचतो.

आधी बाबांना, मग सगळ्यांना

त्या मुलीने दुसरा मजकूर लिहिला आणि तो कुठेही टाकण्याआधी रात्री बाबांना बोलून पाठवला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. इथे अकरा वाजले की तिथे साडेनऊ झालेले असतात, जेवण झालेलं असतं आणि पहाटे उठायचं असल्याने खोलीतले दिवे मालवायची वेळ असते. उन्हाळा असता तर दुपारही चालली असती, कारण १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तिथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. कामाच्या मधेच असं काही पाठवू नये. उंचावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे भरून यायला नकोत.

बाबांचा निरोप आला. "सगळं राहू दे. फक्त शटरिंग काढ, कामावर एवढंच लिही." तिने कारण विचारलं नाही. तो शब्द काढला. शेवटी फोटोखाली आलं ते हे :

"या फोटोत बाबा नाहीत. ते आज दुबईत कामावर आहेत.

बाबा, मी वर्षाची असताना तुम्ही गेलात. दर दोन वर्षांनी आलात, दोन महिने राहिलात. माझी पुस्तकं हातात घेऊन पानं उलटायचात आणि म्हणायचात, 'कागद चांगला आहे.'

आई, तू निडोच्या डब्यात माझी फी साठवलीस. परीक्षेच्या रात्री माझ्यासमोर बसून तांदूळ निवडलेस, निवडलेलेच पुन्हा निवडलेस.

आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बाबा, प्रमाणपत्र तुम्ही येईपर्यंत कपाटात ठेवतेय. हातात घेऊन बघा. कागद चांगला आहे."

पहिला मसुदा आणि हा, यांत फरक काय पडला ते बघा. 'कष्ट', 'स्वप्न', 'आशीर्वाद', 'ऋण' यांतला एकही शब्द उरलेला नाही, तरी ते सगळं आत आहे. गरिबी कुठे बोलून दाखवलेली नाही. बाबांचं वाक्य शेवटी परत येतं आणि ते आता मुलगी म्हणते. 'शटरिंग' गेल्याने काहीही कमी झालं नाही, उलट बाबांचा मान राहिला. पहिली दोन वाक्यं सव्वाशे चिन्हांच्या आत बसतात आणि वाचणाऱ्याला पुढे नेतात.

इतकं लांब नको असेल तर एकदोन ओळीही पुरतात. मात्र खालचे नमुने उचलू नका, त्यांत स्वतःच्या घरची वस्तू घाला.

बाबा परदेशात असतील तर : "तिथे साडेनऊ, इथे अकरा. वीस वर्षं याच वेळेला बाबा विचारायचे, 'अभ्यास झाला का?' झाला, बाबा."

आईवडील दोघेही फोटोत असतील तर : "बाबांनी आज अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. साहेबांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, 'पोरगा ग्रॅज्युएट होतोय.' हे वाक्य आमच्या घरात आज पहिल्यांदा कुणी बोललं."

तुम्ही अमिरातीत आणि आईवडील गावी असतील तर : "आई, फोटोत गाऊनखाली तूच शिवून दिलेला ड्रेस आहे. बघ, दिसतोय का."

शेवटचं एक काम उरतं. स्टेटस चोवीस तासांनी नाहीसं होतं, आणि बाबांची पाळी लांबली तर ते त्यांना दिसणारही नाही. म्हणून फोटोची एक प्रत स्टुडिओतून छापून घ्या. मागच्या बाजूला बॉलपेनने नाव, गाव, पदवी, तारीख आणि याच ओळी स्वतःच्या अक्षरात लिहा. बाबा पुढच्या सुट्टीवर येतील तेव्हा तो फोटो त्यांच्या हातात द्या, आणि परत निघतील तेव्हा त्यांच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत, आठवणीने ठेवा.